एका टाइलची सुटका

बाथरूमच्या भिंतीतली एकच टाइल बदलायची आहे, असं मिस्त्रीला फोन करून सांगून पाहावं. पहिलं उत्तर बहुधा नकाराचं येतं. ‘एक काढायला गेलं की चार जातात,’ हे वाक्य ठरलेलं असतं. मग अख्खी भिंत उतरवायचा सल्ला मिळतो. भिंत उतरवायची म्हणजे मिक्सर निघणार, मिक्सर निघाला की जुने पाइप दिसणार, आणि ते दिसल्यावर कुणी तसेच ठेवत नाही. टाइलच्या एका तड्यापायी महिनाभर बाथरूम बंद ठेवावं लागलेली घरं कमी नाहीत.

या नकारात जास्त कामाचा लोभ असतोच, पण नुसता लोभ नसतो. भीती खरी असते. छिन्नी टाइलच्या मधोमध धरून हातोडी मारली, की तो घाव त्या टाइलपुरता राहत नाही. टाइल भट्टीत भाजलेली, कडक आणि ठिसूळ. तिच्या चारही कडा शेजारच्या टाइल्सना टेकलेल्या किंवा ग्राउटने जोडलेल्या असतात. धक्का त्या कडांतून पलीकडे जातो आणि शेजारच्या टाइलच्या काठावरची चकाकी टवका होऊन उडते. कधी वरून काहीच दिसत नाही, पण ती टाइल मागून सुटून पोकळ झालेली असते आणि सहा महिन्यांनी एका सकाळी बादलीत येऊन पडते. मागच्या बाजूलाही तेच. छिन्नीचं टोक टाइल फोडून थांबत नाही. पुढे कुठे थांबायचं हे हाताला ठाऊक नसेल तर ते वॉटरप्रूफिंगचा थर फोडून विटेत शिरतं.

म्हणून या कामात कौशल्य लागतं ते फोडण्याआधी. टाइलला तिच्या शेजारणींपासून पूर्ण तोडायचं, मागे किती जागा आहे ते समजून घ्यायचं, आणि मगच हातोडी उचलायची. हा क्रम पाळला तर एक टाइल एकटी निघते.

ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, असंच एक काम नुकतंच झालं. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. बाथरूममध्ये बारा बाय अठरा इंचाच्या, म्हणजे ३०० बाय ४५० मिलिमीटरच्या, फिक्या पिवळसर सिरॅमिक टाइल्स. शॉवरच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, टॉवेल रॉडच्या स्क्रूपासून निघालेला तडा टाइलच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा गेलेला. मिस्त्री मूळचे सोलापूरकडचे, ठाणे-कल्याण पट्ट्यात आयुष्य टाइल्स लावण्यात गेलेलं. त्यांनी आल्याआल्या अवजारांची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं.

नाण्याने त्यांनी आधी तडकलेली टाइल वाजवली, मग तिच्या भोवतीच्या आठही. भरीव टाइलवर नाणं टणक, आखूड आवाज करतं. मागे पोकळी असेल तिथे तो आवाज फुगतो, बद्द होतो. तडकलेली टाइल वरच्या अर्ध्या भागात जवळजवळ सगळीकडे पोकळ वाजली. शेजारच्यांपैकी सात ठणठणीत निघाल्या. बरोबर खालची जी होती, तिचा डावा वरचा कोपरा चार बोटं पोकळ. मिस्त्रींनी तिथे पेन्सिलने गोल केला.

‘बाई, ही खालची आत्ताच सांगून ठेवतो. हिचा हा कोपरा आधीपासून सुटलेला आहे. जपून काढीन, पण उद्या पडली तर माझ्या नावावर नको.’

‘मिस्त्री, मग तीही बदलून टाका ना.’

‘नको. तिला हात लावला की तिच्या खालचीला लावावा लागतो. जिथवर धरून आहे तिथवर राहू द्या.’

नाणं वाजवण्याची ही पाच मिनिटं वाचवण्यासारखी नसतात. टाइल काढल्यानंतर शेजारची पोकळ वाजली तर ती आपल्या हातून सुटली की आधीचीच होती, याचा निवाडा दुसऱ्या कशाने करता येत नाही. शिवाय धोका कोणत्या बाजूला आहे हे कळतं, आणि काम उलट्या बाजूने सुरू करता येतं.

तडा कसा आहे हेही याच वेळी पाहून घ्यायचं. एका बिंदूपासून फुटलेला तडा म्हणजे मार किंवा ड्रिलिंग. जाळ्यासारख्या बारीक रेघा फक्त चकाकीच्या थरात असतील, तर टाइल धड आहे, नुसती दिसायला म्हातारी झाली आहे. पण तडा एका टाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत सरळ रेघेत जात असेल, तर दोष टाइलचा नाही. मागे काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तो सांधा हललेला असतो, किंवा पाइपसाठी खोदलेला चर नीट भरलेला नसतो. अशा जागी नवी टाइलही त्याच रेघेवर तडकते, तेव्हा आधी भिंतीकडे पाहावं लागतं. ठाण्यातला तडा स्क्रूपासून निघून त्याच टाइलमध्ये संपत होता. रॉड बसवताना कुणीतरी हॅमर मोडवर ड्रिल चालवलं होतं, आणि नेमकं पोकळीवर.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा, जो उत्साहाच्या भरात राहून जातो: काढायलाच हवी का? टाइल सगळीकडून भरीव वाजत असेल, तडा केसाएवढा असेल आणि जुळणारी टाइल हाताशी नसेल, तर तडा साफ करून, पूर्ण वाळवून, त्यात त्याच रंगाचं इपॉक्सी भरणं जास्त शहाणपणाचं. दिसायला ते दुरुस्त केलेलंच दिसतं, पण वर्षानुवर्षं टिकतं. इथे मात्र टाइल सुटलेली होती आणि तड्यातून रोज आंघोळीचं पाणी मागच्या पोकळीत उतरत होतं. शिवाय बाईंनी घर घेतलं तेव्हा उरलेल्या दोन टाइल्स माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून जपल्या होत्या. त्या नसत्या तर निम्मं काम बाजारातच अडलं असतं. एकाच डिझाइनच्या टाइल्स वेगवेगळ्या भट्टीतून निघाल्या की रंगाची छटा बदलते, आणि मापही मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. म्हणून खोक्यावर शेड आणि कॅलिबर वेगळे छापलेले असतात. भारतातल्या टाइल्सचं माहेर असलेल्या गुजरातच्या मोरबीत नवी डिझाइन्स सतत येत राहतात आणि जुनी बंद होतात. पंधरा वर्षांपूर्वीची टाइल दुकानात मिळणं ही नशिबाची गोष्ट.

आता मागे काय आहे ते. अनेकांचा समज असतो की टाइल आणि ग्राउट हेच वॉटरप्रूफिंग. तसं नाही. टाइलची चकाकी पाणी अडवते, पण टाइल्समधला सिमेंटचा सांधा पाणी पितो. भिंत कोरडी राहते ती टाइलमागच्या थरामुळे. त्या थरापासून टाइल किती लांब आहे यावर काढण्याची पद्धत ठरते.

जुन्या बांधकामात विटांच्या भिंतीवर गिलावा, त्यावर ब्रशने लावलेला पॉलिमर-सिमेंटचा दोन हातांचा लेप, आणि त्यावर सिमेंट-वाळूच्या मालात बसवलेली टाइल. हा माल दहा ते पंधरा मिलिमीटर जाड असतो. लेप जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा, पण त्याच्यापुढे मालाची गादी असते, त्यामुळे छिन्नी थोडी पुढे गेली तरी निभावतं. नव्या टॉवरमध्ये चित्र वेगळं. तिथे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या गुळगुळीत काँक्रीटच्या भिंतीवर लेप लावतात आणि त्यावर थेट टाइल ॲडहेसिव्ह, ज्याला मिस्त्री लोक नुसतं ‘केमिकल’ म्हणतात, ते तीन-चार मिलिमीटर ओढून टाइल बसवतात. तिथे टाइलच्या पाठीपासून लेप काडेपेटीच्या दोन काड्यांच्या जाडीइतका लांब. शिवाय ॲडहेसिव्ह लेपालाही घट्ट धरतं, म्हणजे टाइल उचकटली की तिच्याबरोबर लेपाचे पापुद्रे येणारच. अशा भिंतीत टाइलचे कापून छोटे चौकोन करायचे, एकेक तुकडा खरवडून काढायचा, आणि उघड्या पडलेल्या सगळ्या चौकटीत लेप पुन्हा द्यावा लागेल असं धरूनच सुरुवात करायची.

ठाण्यातलं घर जुन्या पद्धतीचं. तिथली अडचण दुसरी होती: सांधा.

आजकाल टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात. तशी फट असेल तर कार्बाइडच्या दातांच्या हातकरवतीने किंवा थरथरणाऱ्या मल्टिटूलच्या पात्याने चारही बाजूंचं ग्राउट टाइलच्या जाडीइतकं खोल काढता येतं, आणि टाइल तिथेच निम्मी सुटते. पण जुन्या बांधकामातल्या हजारो बाथरूममध्ये टाइल्स ‘पेपर जॉइंट’ने लावलेल्या आहेत. दोन टाइल्स एकमेकींना भिडवून, मधल्या कागदाएवढ्या फटीत पांढरं सिमेंट पुसलेलं. ही फट मिलिमीटरभर, काही जागी त्याहून कमी. यात कोणतंच यंत्र जात नाही. चार इंची ग्राइंडरची डायमंड चकती स्वतःच एक मिलिमीटरहून जाड असते. ती या सांध्यात चालवायची म्हणजे दोन्हीकडच्या काठांची चकाकी गमावायची. तरीही ती चालवली जाते, आणि ‘एक काढायला गेलं की चार जातात’ हे खरं ठरतं.

मिस्त्रींनी सांध्याला यंत्र लावलंच नाही. त्यांनी हॅक्सॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्याला एका बाजूने चिकटपट्टी गुंडाळून मूठ केली आणि सांध्यावर फक्त हाताने रेघ ओढली, चारही बाजूंना, जितकं पांढरं सिमेंट निघेल तितकं. दोन-तीन मिलिमीटर खोल गेलं. तेवढ्याने टाइल सुटत नाही, पण काठाकाठाला चिकटलेली पांढऱ्या सिमेंटची कातडी तुटते. टवका उडतो तो बहुतेकदा या कातडीमुळेच.

मग त्यांनी तडकलेल्या टाइलवरच, काठापासून आत बारा मिलिमीटरवर, मार्करने चौकट आखली. कापायचं ते या रेघेवर. म्हणजे टाइलचे दोन भाग होणार: मधला मोठा तुकडा आणि त्याच्याभोवती बारा मिलिमीटरची अरुंद चौकट. मधला तुकडा फोडताना बसणारे धक्के कापलेल्या चरापर्यंत जाऊन विरतात, शेजारपर्यंत पोचत नाहीत.

इथे ग्राइंडरचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. चकती गोल असते. १०५ मिलिमीटर व्यासाची चकती सहा मिलिमीटर खोल घुसवली की पृष्ठभागावरचा चिरा जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब होतो, पण पूर्ण खोली मिळते ती फक्त मधोमध. दोन्ही टोकांना अडीच सेंटिमीटरपर्यंत चिरा उथळ होत जातो. त्यामुळे कोपऱ्यात रेघ पूर्ण खोल कापायची ठरवली, तर चकती कोपरा ओलांडून शेजारच्या टाइलवर चढणारच. अनुभवी माणूस रेघ जिथे शेजारणीला शिवेल त्याआधी थांबतो आणि कोपरा कापायचा राहतो. हे राहिलेले चार कोपरे मग ड्रिलने सोडवायचे. मिस्त्रींनी रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे प्रत्येकी तीन-तीन भोकं पाडली, सहा मिलिमीटरची, हॅमर बंद ठेवून, टाइलच्या टोकदार बिटने. भोकं एकमेकांना जवळपास भिडलेली, म्हणजे कोपऱ्यातही टाइल तुटलेली.

खोलीबद्दल ते फार काटेकोर होते. माळ्यावरच्या टाइलची जाडी आठ मिलिमीटर भरली. त्यांनी सहाच मिलिमीटर कापलं, चकतीवर मार्करने गोल खूण करून. उरलेले दोन मिलिमीटर हातोडीने सहज तुटतात आणि चकती मागच्या मालात शिरतच नाही. नव्या टॉवरच्या पातळ थरात हे दोन मिलिमीटर म्हणजेच वॉटरप्रूफिंगचा विमा. ड्रिलच्या बिटवरही त्यांनी आठ मिलिमीटरवर चिकटपट्टीचा पट्टा बांधला होता.

त्याआधीची तयारी थोडक्यात सांगायची तर अशी. खालच्या फरशीवर गोणपाट दुहेरी, कारण वरून पडलेला तुकडा खालच्या टाइलचाही टवका काढतो. न्हाणी ट्रॅपच्या जाळीवर फडका कोंबलेला. गीझरचा एमसीबी बंद, बाथरूमचा वॉल्व्ह बंद. मिक्सरमधून निघणारे पाइप सहसा सरळ वर किंवा आडवे जातात, तेव्हा नळाच्या आणि शॉवरच्या उभ्या-आडव्या रेघेतली टाइल असेल तर मागे पाइप आहे असंच समजायचं. ही टाइल मिक्सरपासून दोन टाइल्स बाजूला होती. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर नुसता रुमाल नाही, एन-९५ मास्क. टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि बंद बाथरूममध्ये ती धूळ बराच वेळ तरंगत राहते. बाईंनी पंखा आणून दारात लावायची तयारी दाखवली. मिस्त्रींनी ती नम्रपणे नाकारली, कारण सगळी धूळ बेडरूममध्ये गेली असती.

कापून झाल्यावर हातोडी बाहेर आली. तीही छोटी, आणि छिन्नी अर्ध्या इंचाची, धार नुकतीच लावलेली. पहिला घाव मधोमध, तड्यावरच, जिथे टाइल आधीच कमजोर होती. तिथे एक रुपयाएवढा खळगा झाला. नंतर छिन्नी कधीही भिंतीत सरळ उभी धरलेली दिसली नाही. ती जवळजवळ भिंतीला समांतर, टोक खळग्याकडे, म्हणजे घावाची दिशा नेहमी रिकाम्या जागेकडे. तुकडा मोकळ्या जागेत सरकतो. त्याला मागे आणि शेजारी ढकलायला काही उरत नाही. पोकळ भाग भराभर निघाला. दहा मिनिटांत मधला मोठा तुकडा गोणपाटावर होता आणि भिंतीत त्या टाइलचा सगळा इतिहास दिसत होता.

टाइल मालाच्या सलग थरावर बसवलेलीच नव्हती. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे थापून टाइल दाबून दिली होती. गोळ्यांच्या मधल्या जागा रिकाम्या. सकाळी जितक्या टाइल्स लावायच्या तितक्या दुपारपर्यंत लावून टाकायच्या असल्या की ही पद्धत फार सोयीची. रॉडचा स्क्रू अशाच एका रिकाम्या जागेवर आला होता. ड्रिल मागे आधार नसलेल्या टाइलवर थडाथड आपटलं आणि ती फाकली. टॉवेल रॉड, साबणाची जाळी, आरसा बसवताना तडकणाऱ्या टाइल्सची कहाणी बऱ्याच घरांत हीच असते. ठोकून बघितलं असतं तर स्क्रू दोन इंच बाजूला गेला असता.

आता उरली ती बारा मिलिमीटरची चौकट. सगळ्यात नाजूक काम हे. मिस्त्रींनी उजव्या बाजूपासून सुरुवात केली, म्हणजे पेन्सिलचा गोल होता त्या खालच्या बाजूपासून दूर. पट्टीच्या मागे, आतल्या रिकाम्या बाजूने, पातळ पत्र्याची पुटी-नाइफ सरकवायची आणि पट्टी आत, मध्याकडे, पाडायची. जिथे मागे माल चिकटलेला होता तिथे पट्टीचेच दोन-दोन इंचाचे तुकडे करून एकेक खुडायचा. छिन्नीचं टोक शेजारच्या काठाला लागू नये म्हणून सांध्याशी पत्र्याची अरुंद पट्टी टेकवून धरलेली. खालच्या बाजूला त्यांनी हातोडी वापरलीच नाही. छिन्नी हाताने दाबून, पिळून तुकडे काढले. त्या एका बाजूला बाकीच्या तिन्ही बाजूंना मिळून लागला तेवढा वेळ गेला. शेवटी नाणं पुन्हा फिरलं. सात टाइल्स तशाच भरीव. खालच्या टाइलचा पोकळ कोपरा पेन्सिलच्या गोलाबाहेर गेला नव्हता. वरच्या टाइलच्या काठावर तिळाएवढा एक टवका मात्र उडाला होता. मिस्त्रींनी तो स्वतःहून दाखवला.

मालाचे गोळे काढताना लेप दिसला. राखाडी, मालापेक्षा गडद, नखाने दाबला तर किंचित चिवट. एकदा हा रंग ओळखला की पुढे छिन्नी नाही, पुटी-नाइफ. चार गोळे थोडे ठोकल्यावर लेपावरून सुटले. मधला सुटेना. तो ओढला असता तर लेप घेऊन आला असता, हे त्याच्या कडेने उचलू लागलेल्या राखाडी पापुद्र्यावरून कळलं. मिस्त्रींनी तो गोळा तिथेच ठेवला आणि वरून घासून सपाट केला. नव्या टाइलला जागा मिळाल्याशी काम. गोळा मुळापासून निघायलाच हवा असा काही नियम नाही.

लेपाला दोन ठिकाणी भोकं होती, पण ती आजच्या छिन्नीची नव्हती. रॉडच्या दोन स्क्रूंनी लेप केव्हाच पार केला होता आणि प्लास्टिकचे प्लग विटेत रुतले होते. बाथरूममधल्या प्रत्येक खिळ्या-स्क्रूमागे लेपाला एक भोक असतं, ही गोष्ट टाइल निघाल्याशिवाय कुणाला दिसत नाही. पलीकडे बेडरूम. तिथला रंग अजून फुगला नव्हता, हे बरं.

भोकं चौकटीच्या मध्यभागी होती, हे त्याहून बरं. लेपाला ठिगळ लावायचं तर ते फाटलेल्या जागेच्या चहूबाजूंनी दोन-दोन इंच धड लेपावर चढायला हवं. मध्ये फाटलं असेल तर तेवढी जागा मिळते. अगदी काठाशी फाटलं असेल तर ठिगळाची एक बाजू शेजारच्या टाइलखाली जायला हवी, आणि तिथे ब्रश जात नाही. अशा वेळी काठावर भरपूर लेप फासून वरून काम झाल्यासारखं दिसतं, पण पाणी नेमकं त्या रेघेतून जातं. प्रामाणिक मिस्त्री तिथे दुसरी टाइल काढायची परवानगी मागतो. काठाजवळ हात हळू ठेवायचं खरं कारण हेच; शेजारणीची चकाकी वाचते हा वरचा फायदा.

प्लग काढून भोकं पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरली. भिंत ओलसर करून लेपाचा पहिला हात आडवा दिला, पाच-सहा तासांनी दुसरा उभा. दुसरा हात ओला असतानाच त्यावर मूठभर चाळलेली वाळू मारली, नाहीतर गुळगुळीत लेपावर पुढचा माल धरत नाही. पहिल्या दिवशी काम एवढंच. ‘आजच बसवून टाका ना,’ असं घरमालकाने म्हणायचं आणि मिस्त्रीने ऐकायचं, याच ठिकाणी बऱ्याच दुरुस्त्या वाया जातात. बाईंनी तसं म्हटलंही.

‘बसवतो की. पण मग परत पुढच्या वर्षी याच टाइलसाठी फोन कराल.’

दुसऱ्या दिवशीचं गणित सोपं होतं, पण चुकलं तर टाइल शेजारच्यांच्या पुढे नाक काढून बसते. शेजारच्या टाइलच्या तोंडापासून लेपापर्यंत खोली वीस मिलिमीटर. त्यात टाइल आठ. उरले बारा. ॲडहेसिव्ह तीन-चार मिलिमीटरचंच चांगलं. जाड थापलं तर वाळताना आकसतं आणि टाइल आत ओढते. म्हणून आधी सिमेंट-वाळूचा आठ मिलिमीटरचा हात भरून घ्यायचा, पट्टीने सपाट करायचा आणि रात्रभर सोडायचा. यात पोकळी ठेवायची नाही, एवढं मात्र पाहायचं. नाहीतर पाच गोळ्यांची गोष्ट पुन्हा.

तिसऱ्या दिवशी टाइल आधी कोरडीच लावून पाहिली. डाव्या बाजूला ती अडली. जुनी चौकट वर ३०१ आणि खाली जेमतेम ३०० मिलिमीटर भरत होती. पेपर जॉइंटमध्ये लावणाऱ्याच्या हाताची हीच एवढीशी तिरपी चाल कुठेतरी साठत जाते. मिस्त्रींनी टाइलची ती कड पाणी लावून डायमंड पॅडवर घासली, चकाकीकडून पाठीकडे अशा एकाच दिशेने, म्हणजे चकाकी उचकटत नाही. चारही बाजूंना कागदाची घडी सरकेल इतकी फट मिळाल्यावर ते थांबले. जुन्या मिस्त्रींची टाइल पाण्यात भिजवून ठेवायची सवय सिमेंटच्या घोळासाठी असते. ॲडहेसिव्हला भिजवलेली टाइल चालत नाही, नुसती पाठीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची.

ॲडहेसिव्ह दातेरी थापीने भिंतीवर आडवं ओढलं आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवला. टाइल दाबून बसवली आणि लगेच पुन्हा उपटली. बाई दचकल्या. पण पाठीवर माल सगळीकडे लागला की नाही हे पाहायचा दुसरा मार्ग नाही. एका कोपऱ्यात तो लागला नव्हता. तिथे थोडा भरला आणि टाइल पुन्हा बसवली. वर-खाली लांब पट्टी टेकवून तोंड शेजारच्यांना जुळलं की नाही ते पाहिलं, खालच्या सांध्यात पत्त्याचे तुकडे खोचले आणि वरून चिकटपट्टीचे चार पट्टे ओढले, म्हणजे रात्रीतून टाइल घसरत नाही. सांध्यात वर आलेला माल ओला असतानाच ब्लेडने काढून टाकला.

ग्राउट चौथ्या दिवशी. इतक्या बारीक फटीत दाणेदार ग्राउट शिरत नाही, बिनवाळूचं लागतं. ते पांढरं शुभ्र आणलं होतं. मिस्त्रींनी त्यात चिमूटभर पिवळा रंग मिसळून कागदावर वाळवून पाहिला, कारण शेजारचे सांधे आता दुधाचे नव्हे, चहाचे झाले होते. तरी जवळून पाहिलं तर नवी चौकट कळते. वरच्या टाइलचा तो तिळाएवढा टवका इपॉक्सीच्या थेंबाने भरला. तो फक्त ठाऊक असणाऱ्यालाच दिसतो.

टॉवेल रॉडचा प्रश्न शेवटी आला. बाईंना तो तिथेच हवा होता, हात पोचतो तिथे. मिस्त्रींनी आठवडा थांबायला सांगितलं, आणि मग भोक कसं पाडायचं तेही: हॅमर बंद, टोकदार बिट, पाडताना थोडं पाणी, आणि प्लग ठोकण्याआधी भोकात सिलिकॉन काठोकाठ भरायचं, म्हणजे स्क्रू लेपातून गेला तरी त्याच्याभोवती पाण्याला वाट राहत नाही. मग त्यांनी दाराजवळच्या कोरड्या भिंतीवर नाणं वाजवत एक भरीव जागा शोधली आणि तिथे पेन्सिलने फुली मारली. तिथे पाणी उडत नाही, आणि मागे पॅसेज आहे. बाईंनी टॉवेल हातात घेऊन शॉवरखालून तिथवर हात पुरतो का ते दोनदा करून पाहिलं, आणि रॉड फुलीवर लावायचं ठरलं. माळ्यावरची उरलेली एक टाइल पुन्हा वर्तमानपत्रात गेली.